तीन नंबरच्या काउंटरवरचा डबा

आमच्या गावात मासळीबाजार सकाळी नऊला उठतो आणि सव्वानऊला सगळ्या बायका आमच्या बँकेत. नोटा ओल्या, चुरगळलेल्या, बांगड्याच्या वासाच्या. ह्या नोटा न कुरकुरता घेणारी एकच बाई होती, तीन नंबरवरची मुरवानी. एकोणीस वर्षं तिथेच बसली. मी हारजितो, तिथला हेड टेलर, म्हणजे काउंटरवाल्यांचा मुकादम म्हणा.

मुरवानी हसायची नाही. नियम असा की गिऱ्हाईक आलं की उभं राहायचं, हात जोडायचे, नाव घेऊन बोलायचं. हिचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ही बसूनच म्हणायची, "काय बू, आज सुरमई महाग का?" आमच्याकडे बाईला मानाने 'बू' म्हणतात, पुरुषाला 'पाक'. मुरवानी नोटा टॉवेलवर पसरायची, आधी हाताने मोजायची, मग मशीनवर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. लिहिता न येणाऱ्या बायकांना स्लिपवरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवायची.

यंदा मॅनेजर नवी आली, तांत्री. पोरगी तिशीतली, पण नजर भारी. वार्षिक मूल्यमापनाच्या आधी तिने मला बोलावलं.

"पाक हारजितो, बू मुरवानींच्या चुकांची नोंद बघितली? तीन वर्षं शून्य. दिवसाला एकशेचाळीस व्यवहार. ती माणूस आहे की मशीन?"

"जुन्या वळणाची बाई आहे," मी म्हणालो.

"मग बरंच आहे. तुम्ही तीन दिवस बघा, तक्ता भरा. शेवटच्या दिवशी रोकड जुळवताना मी पण येते."

मी तक्ता घ्यायची टाळाटाळ केली. का, ते सांगतोच. मुरवानीला पेन्शनला चार वर्षं उरली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर हिच्या पगारावर. तक्त्यात नापास झाली की काउंटर गेलं, आणि काउंटरचा भत्ताही गेला.

तीन दिवस मी बाकावर बसून खुणा करत होतो. उभं राहणं: नाही. हसणं: नाही. नोटा दोनदा मोजणं: प्रत्येक वेळी. उजेडात धरून नोट तपासणं: प्रत्येक वेळी. सेवेचे गुण कमी पडत होते, रोकडीचे पैकीच्या पैकी. बेरीज केली तर जेमतेम पास. म्हटलं, निभावलं.

तिसऱ्या दिवशी शटर अर्धं खाली आलं. मुरवानीने ड्रॉवर मोजला, कॉम्प्युटरवरचा आकडा पाहिला. दहा हजार रुपिया कमी. म्हणजे आमच्याकडे चहा-नाश्त्याचे. सवयीने तिचा हात ड्रॉवरखाली गेला. वेफर बिस्किटांचा लाल झाकणाचा डबा निघाला, त्यातून दहा हजारांची नोट ड्रॉवरमध्ये गेली. मग तिला मागे आम्ही दोघं उभे आहोत याची आठवण झाली.

तांत्रीने डबा टेबलावर पालथा केला. दोन लाख पंधरा हजार.

"जास्त आले की यात, कमी पडले की यातून. असंच ना, बू?"

"हो."

"अहो, जास्त आले म्हणजे कुणाचे तरी आले. त्या दिवशी लिहिले असते तर माणूस सापडला असता. आता कुणाला विचारायचं?"

मुरवानी टेबलावरच्या नोटा सारख्या करू लागली. मला मात्र कोळंबीवाली सितून आठवली. मागच्या वर्षी रडत आली होती, पन्नास हजार कमी जमा झाले म्हणून. मीच तिला नोंदवही दाखवून परत पाठवलं होतं, की बघ बाई, आमची रोकड जुळलेली आहे.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" तांत्रीने विचारलं.

मुरवानीने माझ्याकडे पाहिलं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात ही बाई तुटीचे पैसे भरावे लागतील म्हणून रडत बसली होती. तेव्हा मीच माझ्या घरचा हा डबा आणून दिला होता, वर ऐटीत म्हणालो होतो, "कागदाला कशाला त्रास द्यायचा?" तसलाच एक माझ्याही ड्रॉवरखाली होता.

"कुणी नाही, मीच," ती म्हणाली.

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. माझी निवृत्ती दोन महिन्यांवर होती. तक्त्यावर 'रोकड हाताळणी: नापास' असं मीच लिहिलं आणि खाली सही केली.

तिला मागच्या खोलीत जुन्या फायली लावायला बसवलं. मासळीवाल्या बायका दोन दिवस विचारत राहिल्या, मग दुसऱ्या काउंटरला सरावल्या.

माझ्या निरोपाला तांत्रीने कागद वाचला: एकतीस वर्षं सेवा, शेवटच्या वीस वर्षांत एकाही रुपियाची तूट नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत मुरवानी बसली होती, तीही वाजवत होती.