पास्त्यात अंडं आहे का?

आत्याला लोक नखरेल म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर 'जपून खाणारी' म्हणायचे. अंडं किंवा दूध पोटात गेलं की तिच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो. लहानपणापासून. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी कुणालाच पटलेलं नव्हतं.

ती शिंप्याच्या दुकानात कापड बेतायची. तीस वर्षं. माझी आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं आणि माझ्या लग्नाचा पोशाखही तिनेच शिवला. पण कुठल्याही लग्नात ती पंगतीला बसत नसे. कोपऱ्यातली खुर्ची, मांडीवर स्वतःचा डबा. 'घरात अन्न नव्हतं का?' ही थट्टा तिने इतक्यांदा ऐकली होती की विचारणाऱ्याच्या आधी तीच हसायची.

माझ्या लग्नाच्या आठवडाभर आधी मी बाबांना म्हटलं, "आत्या माझ्या शेजारी बसून जेवणार. केटररला विचारा."

बाबांनी विचारलं. मेसेज मी नंतर पाहिला: 'जेवणातल्या पास्त्यात आणि ब्रेडमध्ये अंडं किंवा दूध असतं का?' एवढाच. का विचारतोय, ते लिहिलंच नव्हतं. कारण मुलाकडच्यांनीच हा केटरर सुचवला होता. त्याच्याकडून त्यांच्या कानावर गेलं असतं की आमच्या घराण्यात आजार आहे. नसती ब्याद! बाबांचं सगळं आयुष्य 'लोक काय म्हणतील' या एका खुंटीला टांगलेलं.

केटररचं उत्तर आलं: 'पास्ता कोरडा, रव्याचा आहे. अंडं, दूध काही नाही. ब्रेडच्या पिठातही नाही.' शब्दन्‌शब्द खरा होता.

"ऍलर्जी आहे असं लिहिलंस ना?" आत्याने बाबांना दोनदा विचारलं.

"अगं, लिहिलं म्हणतोय ना! भावावर विश्वास नाही?"

तिने डबा घरी ठेवला.

बागेत मांडव होता. आत्या माझ्या उजव्या हाताला बसली. सगळ्यांच्या ताटात तेच तिच्या ताटात. तिने टोमॅटोच्या रश्श्यातला पास्ता खाल्ला, ब्रेडचा तुकडा मोडला आणि मला म्हणाली, "छान आहे गं. गरम जेवण वेगळंच लागतं." मला त्या वाक्याचा अजून राग येतो. कुणाचा, ते कळत नाही.

पाचेक मिनिटांत ती मान खाजवायला लागली. मग आवाज बसला. मी तिच्या पिशवीतलं इंजेक्शनचं पेन काढून तिच्या मांडीत टोचलं. पिशवी तेवढी तिने आणली होती, म्हणून ती आज आहे. मांडवामागे गाडीत घालेपर्यंत तिचे डोळे सुजून मिटले होते.

केटरर धावत आला. चेहरा पांढराफटक. "साहेब, ऍलर्जी आहे हे एका शब्दाने सांगायचं होतं! मला वाटलं, कुणी आवडीनिवडीचं विचारतंय. चकाकी यावी म्हणून ब्रेडवर भाजायच्या आधी अंडं आणि दूध फेटून लावतो. पास्ता वाढताना वरून लोणी घालतो. मी वेगळं भांडं लावलं असतं हो, ब्रेडही वेगळा भाजला असता."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हळू बोला," म्हणाले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "काय झालं त्यांना?"

"ऊन लागलं," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

गाडीचं दार उघडं होतं. आत्याला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. मला खरं सांगता आलं असतं. पोशाखावर तिच्या हातचे टाके होते.

"हो," मी म्हणाले, "आत्याला ऊन सोसत नाही."

गाडी दवाखान्याकडे गेली. मी परत जाऊन फोटोला उभी राहिले.

लग्नाला दोन वर्षं झाली. सासूबाई मनाने चांगल्या आहेत. आत्या आली की त्या धावत जाऊन पडदे ओढतात, पंखा वाढवतात आणि उन्हातून आलेल्या माणसाला द्यावा तसा गार दुधाचा पेला स्वतःच्या हाताने तिच्यापुढे धरतात.

"नको हो, पोट भरलंय," आत्या म्हणते.

"नखरे हो तुमचे!" सासूबाई प्रेमाने म्हणतात.

आत्या हसते. माझ्याकडे मात्र बघत नाही.