मामांनी आणलेलं केशर

मामांना फोटो हवा होता. मोठा, दुकानाच्या भिंतीवर लावता येईल असा. मामा म्हणजे माझे मामेसासरे. तळोद्यात त्यांचं मिठाईचं दुकान आहे आणि त्यांची केशर बासुंदी घ्यायला अक्कलकुव्याहूनही माणसं येतात. गिऱ्हाईक हल्ली फार शंका घेतं, असं त्यांचं म्हणणं होतं. केशराचा धागा हाताएवढा मोठा करून समोर लावला, की कोणी काही विचारणार नाही.

मी लोणखेड्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून बिया, परागकण, पाकळ्या यांचे फोटो काढायचा मला नाद आहे. केशराचे फोटोही माझ्याकडे आधीपासून होते. कॉलेजातल्या एका सहकाऱ्यांनी काश्मीरमधल्या शेतकऱ्याकडून वाळलेली अख्खी फुलं आणली होती, आत केशर तसंच चिकटलेलं. शिवाय केशर म्हणून खपवल्या जाणाऱ्या करडईच्या पाकळ्या होत्या आणि रंगवलेले मक्याचे केसही होते. मुलांना फरक दाखवायला हे सगळं मी शेजारी शेजारी ठेवते. मक्याचा केस चपटा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच जाडीचा. करडईची फुलं म्हणजे बारीक नळ्या, टोकाला पाच चिंचोळ्या पाकळ्या फाकलेल्या. केशराचा धागा मात्र खालून बारीक निघतो आणि वर जाता जाता तुतारीसारखा उघडतो. त्या तुतारीच्या काठाला बारीक दाते असतात. एकदा नीट पाहिलं की डोळा विसरत नाही.

मामा डबी घेऊन थेट प्रयोगशाळेतच आले. सासूबाईंचे ते धाकटे भाऊ. माझी नणंद तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली होती. तिला सातवा सरून आठवा लागला होता. मामांनी तिच्यासाठी याच केशराची एक वेगळी डबी आधीच घरी पोचवली होती आणि सासूबाई रोज संध्याकाळी त्यातल्या दोन-तीन काड्या तिच्या दुधात घालायच्या. भाचीसाठी मामानं केशर द्यायचं, यात आमच्याकडे कोणाला काही विशेष वाटत नाही.

मी काही धागे काचपट्टीवर ठेवले. पडद्यावर चित्र उमटलं आणि मामा खुर्चीत पुढे सरकले. चित्र खरोखर देखणं होतं. तुतारी होती, दातेरी काठ होता, एका ठिकाणी तर तीन धागे खाली एकाच देठाला जोडलेले होते, फुलात असतात तसे. करडई नाही, मका नाही, कागदाचे कातरलेले तुकडे नाहीत. मी तसं सांगितलं, तेव्हा मामा खुलले.

"मंग हाई खरं शे ना?" त्यांनी विचारलं.

"आकार केशराचा आहे मामा," मी म्हटलं. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. खऱ्या केशराचा धागा वर गडद लाल असतो, पण खाली देठाकडे येता येता नारिंगी, पिवळा, जवळजवळ पांढरट होत जातो. मामांचे धागे खालपर्यंत लालच होते. जिथे धागा मुडपला होता त्या खाचेत लाल रंग दाट साचलेला दिसत होता, आणि काठावर बारीक, चकचकीत कण होते. पण फोटोतल्या रंगावर मी एकदम विश्वास ठेवत नाही. दिव्याचा उजेड बदलला तरी लाल रंग बदलतो आणि कॅमेरा तर लाल नेहमीच भडक करतो. म्हणून मी शेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवला, सहकाऱ्यांच्या फुलातला धागा ठेवला आणि त्याच उजेडात दोन्हींचा एकत्र फोटो घेतला. फरक तसाच राहिला. तो धागा खाली पिवळा, मामांचा लाल.

मामांना मी म्हटलं, थोडं केशर ठेवून जा, फोटो दोन दिवसांत देते. त्यांनी अर्धी डबी माझ्या हातात रिकामी केली आणि ते खुशीत गेले.

ते गेल्यावर मी दोन काचेच्या पेल्यांत साधं पाणी घेतलं. एकात फुलातले धागे टाकले, दुसऱ्यात मामांचे. फुलातल्या धाग्यांभोवती बराच वेळ काहीच झालं नाही, मग हळूहळू सोनेरी पिवळी झाक पसरू लागली आणि धागे लालच राहिले. मामांच्या धाग्यांनी पाण्याला टेकताक्षणी रंग सोडला. लालसर नारिंगी रेघा सरळ तळाशी उतरल्या. थोड्या वेळानं पाहिलं तर पाणी सरबतासारखं झालं होतं आणि त्यात तरंगत होते फिकट, गवताच्या काडीसारखे धागे. तुतारी तशीच, काठाचे दातेही तसेच. फक्त रंग निघून गेलेला.

मी स्टुलावर बसले. मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगायचं तर, मला घरातला दुधाचा पेला दिसला.

पाण्यातला रंग हीसुद्धा खूणच, पुरावा नव्हे. रसायनशास्त्राच्या बाई माझ्या मैत्रीण. मी दोन्ही पेले घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी कपाटातून पांढऱ्या लोकरीचे तुकडे काढले. त्यांनी दोन्ही पाण्यांत किंचित आम्ल घातलं, प्रत्येकात लोकरीचा तुकडा टाकून गरम केलं आणि मग तुकडे नळाखाली धुतले. फुलातल्या केशराची पिवळी झाक बरीचशी धुऊन गेली. मामांच्या केशरात भिजलेली लोकर लालभडक राहिली. त्यांनी ती पुन्हा धुतली, चोळली, रंग हलेना. मग तो तुकडा सौम्य अमोनियात ठेवला, तेव्हा रंग लोकरीतून सुटून पाण्यात आला. त्या पाण्यात पुन्हा आम्ल घालून नवा पांढरा तुकडा टाकला, तर तोही रंगला.

"हा कारखान्यातला रंग आहे," त्या म्हणाल्या. "फुलातला असा वागत नाही."

कोणता रंग, किती, हे आमच्या प्रयोगशाळेत कळणार नव्हतं. मला ते जाणून घ्यायचंही सुचलं नाही. मी घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. आज दुधात केशर घालू नका, एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, आत्ताच तिच्या हातात पेला दिलाय. मी म्हटलं, काढून घ्या. पलीकडून मोरीत काही ओतल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी नणंदेला शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं. बाळ ठीक होतं, तीही ठीक होती. इतक्याशा धाग्यांनी घाबरून जाऊ नका, पण ते केशर बंद करा आणि रंग कोणता होता ते कळलं की मला दाखवा, असं त्यांनी सांगितलं. वाटेत नणंद सारखी पोटावर हात ठेवत होती.

मामांना सांगायला मी तळोद्याला गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे दूध आटत असतं तिथे, मी सोबत नेलेले लोकरीचे दोन तुकडे, एक फुलातल्या केशराचा आणि एक त्यांच्या केशराचा, त्यांच्यासमोर ठेवले आणि पाण्याचा प्रयोग त्यांच्याच पेल्यात करून दाखवला. ते बघत राहिले. आधी म्हणाले, पाण्यातच काही असेल. त्यांच्या माठातलं पाणी घेऊन मी पुन्हा केलं. मग ते भट्टीजवळ गेले, गॅस बंद केला आणि ढवळणाऱ्या माणसाला बाहेर जायला सांगितलं.

"मन्हा हातघाई पोरले रंग पाजा मी," ते म्हणाले. आपल्याच हातानं पोरीला रंग पाजला, हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही.

केशर ज्याच्याकडून यायचं तो त्यांचा शाळेतला मित्र. तळोद्यातच वाढलेला, आता सुरतेला व्यापार करणारा. मामांच्या मुलीच्या लग्नात तो घरच्यासारखा वावरला होता. मामांनी माझ्यासमोरच त्याला फोन केला आणि फोनचा आवाज मोठा ठेवला. त्याला फसवलं गेलं असेल, त्यालाही कोणीतरी रंगवलेला माल दिला असेल, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. मामांनी तसंच विचारलं. माणूस जराही गडबडला नाही.

"अरे, धागा तर खराच शे ना? रंग जरासा चढवेल शे. फोटोमा चांगला दिसस."

मग त्यानं समजावून सांगितलं, जणू आम्ही विनाकारण त्रास करून घेत होतो. अर्क काढून घेतलेलं केशर मिळतं, त्याला पुन्हा रंग देतात, धागा कोणी ओळखू शकत नाही. तुझ्या गिऱ्हाइकाला बासुंदी पिवळीच दिसते ना, मग झालं. मामांनी फोन बंद केला नाही, तो हातात तसाच राहिला. पलीकडचा माणूस मुलाबाळांची चौकशी करू लागला होता.

मला सगळ्यात जास्त धक्का याचा बसला. करडई किंवा मका निघाला असता तर राग आला असता आणि विषय संपला असता. इथे माझा डोळा चुकला नव्हता. आकार खरा होता. जे मी मुलांना वर्षानुवर्षं दाखवत आले ते सगळं त्या चित्रात जागच्या जागी होतं, आणि समोरच्या माणसाला ते आधीपासून ठाऊक होतं. तो फोटोसाठीच माल तयार करत होता.

मामांनी स्वतः नंदुरबारला अन्न सुरक्षा कार्यालयात फोन केला. अधिकारी आले, त्यांनी उरलेल्या मालाचे नमुने मोहोरबंद करून नेले. फोन करण्याआधी मुलानं मामांना अडवलं होतं. दुकानाचं नाव जाईल, गुपचूप फेकून देऊ, असं त्याचं म्हणणं होतं. मामा गल्ल्यावर बसले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत राहिले, की आपल्या बासुंदीत घातलेलं केशर रंगवलेलं निघालं. काही जण उठून गेले. आश्रमशाळेतले एक गुरुजी उभे राहिले, त्यांनी साधी बासुंदी मागितली आणि तिथेच बसून खाल्ली.

काही आठवड्यांनी अहवाल आला. एक पिवळा आणि एक लाल कृत्रिम रंग सापडला होता. केशरात कोणताच कृत्रिम रंग चालत नाही. केशराचा स्वतःचा रंग मात्र नाममात्र उरला होता. अहवाल मी डॉक्टरीणबाईंना दाखवला, त्यांनी वाचून पुन्हा काळजी करू नका असं सांगितलं. सुरतेच्या त्या माणसावर तिकडच्या कार्यालयानं काय कारवाई केली ते अजून आम्हाला कळलेलं नाही.

नणंदेला मुलगी झाली. बारशाला मामा आले, पण बाळाला घ्यायला पुढे होईनात. दाराशीच उभे राहिले. शेवटी नणंदेनंच उठून मुलगी त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिला छातीशी धरलं आणि पाठ फिरवून खिडकीकडे तोंड केलं.

सगळे गेल्यावर मी तिच्या खाटेशी बसले होते. तिनं विचारलं, "वहिनी, मामांना फोटो नको असता तर?"

मुलगी उठली होती, मी तिला घेतलं.