शून्य नव्हे, चाळीस मेंढरं

कारखान्याच्या वेबसाइटसाठी मुलानं माझा परिचय एका एजन्सीकडून लिहून घेतला. तिथली पोरगी वाळूजला कारखान्यात येऊन तो मला वाचून दाखवू लागली, "शून्यातून विश्व उभारणारे..."

मी थांबवलं. "शून्य कसं, बाई? बापाची चाळीस मेंढरं विकून पहिली लेथ मशीन घेतली. बापाला शून्य म्हणायचं नाय."

"बरं बाबा. पण चाळीस नक्की? कुणाला तरी विचारून घेते."

तिनं वैजापूरला माझ्या थोरल्या बहिणीला फोन लावला, स्पीकर चालू करून.

"बापाची अडतीस," बहीण म्हणाली. "दोन माझी, आंदणातली. इसरला व्हय रं, शेठ?"

खरंच विसरलो होतो. पोरीनं वाक्य बदललं, 'वडिलांची अडतीस आणि बहिणीची दोन मेंढरं विकून पहिली लेथ मशीन घेतली.' आता ते मीच बोलल्यासारखं वाटलं. मी त्या कागदाखाली मंजुरीची सही सावकाश केली.