अडीच पानांचं स्मरणपत्र

माझ्या लेकीच्या शाळेला मी तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही वाया गेली. चौथं लिहायला बसले ती रविवारची दुपार होती. कुकर कधीच थंड झाला होता, माझं डोकं मात्र होतं तसंच तापलेलं होतं.

लेक दहावीत होती. तिला वाचता येतं, पण फार सावकाश. एक ओळ वाचायला घेतली की अर्ध्यात अडखळते, पुन्हा सुरुवातीला जाते, आणि लिहिताना वेलांट्या-उकार कुठेही पडतात. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात वर्षभर खेटे घालून मी तिच्या तपासण्या करून घेतल्या आणि प्रमाणपत्र मिळवलं. अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत वाढीव वेळ मिळतो, शुद्धलेखनाचे गुण कापले जात नाहीत. पण तो अर्ज आपण थेट मंडळाला देऊन चालत नाही. शाळेने, मुख्याध्यापिकेच्या सहीने पाठवावा लागतो. शाळा उघडल्या उघडल्या मी सगळे कागद देऊन पोचपावती घेतली होती. गणपती गेले, दिवाळी गेली, कागद शाळेतच. आणि आता शाळेचा क्लार्क सांगत होता की येत्या शुक्रवारी मुदत संपते. शुक्रवार हुकला असता तर माझी पोर बाकीच्यांइतक्याच वेळात पेपर लिहिणार होती, म्हणजे अर्धा पेपर कोरा ठेवून येणार होती.

पहिल्या पत्राला उत्तर आलं होतं, नाही असं नाही. शाळेच्या समुपदेशक बाईंचा फोन आला. मी वॉर्डात सलाइनची बाटली बदलत होते. फोन खांद्याने कानाशी धरला, तर बाई अगदी मऊ आवाजात विचारतात, "ताई, तुम्ही स्वतःसाठी वेळ काढता का?" मला वाटलं, ही बाटली आता भिंतीवर मारावी. दुसऱ्या पत्राला काहीच उत्तर नाही. तिसऱ्यानंतर मी शाळेत गेले तर क्लार्क म्हणाला, "मॅडमनी वाचलं हो. फार वाईट वाटलं त्यांना." वाईट वाटून घ्यायला यांना कोणी सांगितलं होतं?

म्हणून चौथं पत्र मी जीव ओतून लिहिलं. फोनवरच टाइप केलं आणि सोमवारी हॉस्पिटलच्या ऑफिसात छापून घेतलं, तेव्हा कळलं की अडीच पानं झालीत. मला त्याचा अभिमानच वाटला. अर्ज असाच लिहायचा असतो हे मी बाबांकडून शिकले होते. ते जालन्याकडून भांडुपला आले, गिरणीत लागले, आणि आमच्या अख्ख्या चाळीचे अर्ज तेच लिहायचे. नळाचा असो की रेशनचा, त्यात घरातल्या माणसांची संख्या, आजारपणं, म्हातारी आई, सगळं यायचं. वाचणाऱ्याला पाझर फुटला पाहिजे, असं ते म्हणायचे. एखाद्या साहेबाला फुटतही असेल तेव्हा.

मी मुलुंडच्या एका लहान हॉस्पिटलात नर्स आहे. आमच्या वॉर्डाची इन्चार्ज भांडुपच्याच जुन्या गावठाणातली, कॅथलिक, घरात मराठीच बोलणारी. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तरी आम्ही एकमेकींना अगंतुगं करतो आणि ती मला काहीही बोलते. दुपारी डबा खाताना मी कौतुकाने तिच्या हातात ती पानं दिली. शाबासकी मिळेल असं मला वाटलं होतं.

तिने एका हाताने बांगड्याचा काटा काढत पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग म्हणाली, "ह्याच्यात पेशंट कोण आहे गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तू रात्री झोपत नाहीस, तुझं बीपी वाढलंय, तू एकटीच सगळं बघतेस. एकटी कुठे? नवरा आहे ना तुझा नाशिकला? शनिवारी येतो की तो. तुझीच सगळी केस लिहिलीयस. म्हणूनच त्या काउन्सेलरबाईने तुला फोन केला, पोरीला नाही केला. बरोबरच केलं तिने."

मला इतका राग आला की मी डब्याचं झाकण लावलं. आईने आईसारखं लिहू नये का? तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. तिने पानं उलटसुलट केली आणि विचारलं, "तुला पाहिजे काय त्यांच्याकडून, ते कुठे लिहिलंयस?"

मी शोधायला लागले. पहिल्या पानावर नव्हतं. दुसऱ्या पानावर, पाचव्या परिच्छेदात, माझ्या सासूबाईंच्या आजारपणानंतर आणि 'आपणही एक आई आहात' याच्या आधी, एका लांबलचक वाक्याच्या शेपटीला ते होतं: 'तरी जमल्यास आमच्या अर्जाचा विचार व्हावा.' सही हा शब्द कुठेच नव्हता. शुक्रवारही नव्हता. फोनमध्ये आधीची तीन पत्रं उघडून पाहिली. त्यातही नव्हता.

तेव्हा मात्र माझा राग शाळेवरून उडून स्वतःवर आला. अठरा वर्षं मी दर ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला हॅंडओव्हर लिहून देते. बेड चार, ताप उतरला, रक्ताचा रिपोर्ट यायचा आहे, आठ वाजता इंजेक्शन द्यायचं. पेशंटची बायको किती रडली ते मी त्यात कधी लिहिलेलं नाही. लिहिलं तर इन्चार्ज कागद परत माझ्या तोंडावर टाकेल. आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी मी अडीच पानं रडले होते.

"हॅंडओव्हर लिही," ती म्हणाली. "कोण, काय झालंय, काय बाकी आहे, कोणी करायचं, कधीपर्यंत. बस."

मी पेन घेतलं आणि तणतणतच कापाकापी सुरू केली. सासूबाई गेल्या. बीपी गेलं. 'माफ करा, पुन्हा त्रास देत आहे' हे तर तीनदा होतं. तिन्ही ठिकाणचं गेलं. पण हात मोकळा सुटल्यावर मी भलतीकडेच गेले. शेवटी मी लिहिलं, 'शुक्रवारपर्यंत कार्यवाही न झाल्यास मी वरपर्यंत तक्रार करीन आणि होणाऱ्या परिणामांस शाळा जबाबदार राहील.' लिहून बरं वाटलं. तेही तिने खोडलं.

"हे का खोडलंस? ठणकावून नको का सांगायला?"

"हे पण रडणंच आहे यार, फक्त आवाज चढवून. डॉक्टरला फोन करताना काय म्हणतेस तू? पेशंटचं बीपी एवढं आहे, तुम्ही या. 'नाही आलात तर बघून घेईन' म्हणतेस काय? तुझ्याकडे पोचपावती आहे ना? ती जोड. तीच ठणकावते."

'जमल्यास' हा शब्द तिने स्वतः काळा केला. मला तो ठेवायचा होता, नाहीतर उद्धट वाटेल अशी भीती होती. ती म्हणाली, "आठचं इंजेक्शन जमल्यास देतात का?" 'आपणही एक आई आहात' हे वाक्य खोडताना माझा हात अडखळला. ते मला फार आवडलं होतं. पण त्यात करण्यासारखं काहीच नव्हतं, तेव्हा तेही गेलं. उरलं ते असं:

'आदरणीय मुख्याध्यापिका,
माझी मुलगी दहावी ब मध्ये आहे. परीक्षेतील सवलतीसाठी तिचे प्रमाणपत्र व अर्ज मी जूनमध्ये शाळेत दिला आहे. पोचपावती सोबत जोडली आहे. आपल्या सहीने हा प्रस्ताव शुक्रवारपर्यंत मंडळाकडे जायला हवा. एखादा कागद कमी असल्यास आजच कळवावे. मी उद्या दुपारी साडेतीनला कार्यालयात येते, तेव्हा पाठवलेल्या प्रस्तावाची प्रत घेईन.'

खाली लेकीचं नाव, माझं नाव आणि फोन नंबर. मी ते दोनदा वाचलं. मला ते कोरडं ठक्क वाटलं, दुसऱ्याच कुणा बाईने लिहिल्यासारखं. "पाठव," ती म्हणाली, आणि डबा धुवायला उठली. मी ते फोनवर टाइप केलं, पोचपावतीचा फोटो जोडला आणि शाळेच्या ईमेलवर पाठवलं.

तास झाला नसेल, उत्तर आलं. प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत फाइलला नाही, उद्या मूळ प्रमाणपत्र घेऊन या, त्याच दिवशी पाठवू. एवढंच! जूनपासून फाइल एका झेरॉक्सवरच्या शिक्क्यासाठी पडून होती. कोणी मला विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. मी प्रत्येक वेळी फक्त माझे हाल कळवले होते. आनंद व्हायला हवा होता, पण मी ड्यूटीभर सगळ्यांवर खेकसत राहिले. मंगळवारी गेले. शिक्का झाला, सही झाली, मंडळाला पाठवलेल्या प्रस्तावाची प्रत माझ्या हातात पडली. मुख्याध्यापिका चहा घ्या म्हणाल्या. मी घेतला नाही.

घरी आले तर लेक माझीच वाट बघत होती. मी तिला प्रत दाखवली आणि फोनवरचं पत्रही उघडून दिलं, आईने शेवटी कसं काम केलं ते तिलाही कळावं म्हणून. तिने एकेका ओळीखाली बोट ठेवत वाचलं. मध्ये दोनदा थांबली, पण शेवटापर्यंत गेली.

"हे मस्त आहे," ती म्हणाली. "हे मला एका दमात वाचता आलं."

मी हसले. मग तिने फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "ते मोठं पण मी वाचलं होतं. तू रविवारी लिहिलेलं. फोनमध्ये होतं ना."

तिला अभ्यासासाठी माझाच फोन लागतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्या अडीच पानांत काय काय होतं ते मला एकेक करून आठवायला लागलं. तिच्याकडे बघून मला रडू येतं, असं होतं. तिच्यापायी माझी झोप उडाली आहे, असं होतं. हिचं पुढे कसं होणार, असंही होतं. तू ते सगळं वाचलंस का, असं मी विचारलं. एवढं लांबलचक तिला झेपलं नसेल, अशी मला आशा होती.

"हो, सगळं," ती म्हणाली. "रविवारी सुरू केलं. आज सकाळी संपलं."