भाऊजींच्या बुबुळाला वारं

लग्न होऊन पेठ वडगावहून कोल्हापुरात आले तेव्हा मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि सासरच्या माणसांना त्याशिवाय दुसरं काही कळत नव्हतं. आमच्या घरात पाहुण्यांना जेवायला कधी बोलवायचं हे सामन्यांचं वेळापत्रक बघून ठरायचं. माझे धाकटे दीर आमच्या पेठेच्या संघाचे गोलकीपर. त्यांचा चष्म्याचा नंबर मायनस नऊ. चष्मा काढला की त्यांना समोरचा खांब की माणूस तेही ओळखू यायचं नाही. म्हणून कॉलेजपासून ते कॉन्टॅक्ट लेन्स लावून गोलमध्ये उभे राहत, आणि ज्या तालमीचा हा संघ, तिथल्या निम्म्या पोरांना हे ठाऊकही नव्हतं.

मी ऑप्टोमेट्रिस्ट. शाहूपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे, आत डोळे तपासायची खोली. पण घरचा माणूस माझ्याकडे कशाला तपासून घेईल? भाऊजी लेन्सचा जुना रिकामा डबा माझ्या टेबलावर ठेवायचे, मी तसलाच नवा मागवून द्यायची. मागे कधीतरी पुण्याला कुणीतरी बसवून दिलेल्या साध्या हायड्रोजेलच्या, म्हणजे पाणी धरणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या लेन्स. तपासायला बसा म्हटलं की त्यांना नेमकी प्रॅक्टिस आठवायची. एका छताखाली राहून मी त्यांचे डोळे रोज बघत होते, आणि ते नेहमी स्वच्छ पांढरे दिसत होते.

त्या रविवारी ते प्रॅक्टिसवरून थेट दुकानात आले. डोळे लालभडक.

"वहिनी, नंबर वाढलाय वाटतंय. सेकंड हाफला बॉल धुरातनं आल्यागत दिसतोय. जरा जास्त नंबरचा डबा मागवा की."

मी त्यांना लेन्स काढायला लावल्या आणि स्लिट लॅम्पपुढे हनुवटी टेकवायला सांगितलं. हा डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक. बारीक उजेडाची पट्टी टाकली आणि मी खुर्ची आणखी पुढं ओढली. बुबुळावरचा पडदा काचेसारखा पारदर्शक असतो, त्यात रक्तवाहिन्या नसतात. भाऊजींच्या दोन्ही डोळ्यांत कडेकडेनं बारीक लाल वाहिन्या त्या पडद्यात शिरल्या होत्या, सगळीकडून आत तोंड करून.

"लेन्स किती वेळ घालता?"

"सकाळी प्रॅक्टिसला घालतो, ती रात्री काढतो. दुपारी ऑफिसात जरा डोळा लागला तर काय काढत बसत न्हाय."

"मग डोळे एरवी पांढरे कसे दिसतात?"

"थेंब टाकतो की. मेडिकलात मिळत्यात. दोन मिनिटांत पांढराफेक."

माझं डोकंच फिरलं. लाली घालवणारे ते थेंब रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आकसून टाकतात, मूळ दुखणं तसंच राहतं. म्हणजे हा माणूस डोळ्याची बोंब रोज दाबत होता आणि मी घरात त्याला आमटी वाढत होते. बाहेर गिऱ्हाईक बसलं होतं याचंही मला भान राहिलं नाही. मी जे काही बोलले ते शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू गेलं असणार.

संध्याकाळी त्यांना नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सरळ सांगितलं, "लेन्स आजपासून बंद. या वाहिन्या अजून कडेला आहेत. आणखी आत सरकल्या तर लेन्स कायमची विसरायची." मग माझ्याकडे वळून म्हणाले, की दोन आठवडे डोळे मोकळे ठेवा, मग सिलिकॉन हायड्रोजेलची लेन्स बसवून बघा, त्यावर डोळा शांत राहिला तर ठीक.

घरी आल्यावर भाऊजी अंगणात पायरीवर बसले. स्पर्धेचा अंतिम सामना महिन्याभरावर होता. चष्मा घालून गोलकीपिंग होत नाही. त्यांनी खेळाडूंचा पट्टेवाला गॉगल करून बघितला होता. त्या नंबरला कडेनं येणारा बॉल वाकडा दिसायचा. लेन्स गेली म्हणजे गोल गेला.

"मला एवढं सांगा," ते म्हणाले, "लेन्सच ती. जुनी काय आन् नवी काय."

मी त्यांना सांगितलं, की बुबुळाच्या पडद्याला रक्त पोचत नाही, म्हणून त्याला लागणारा ऑक्सिजन तो थेट समोरच्या हवेतून घेतो. त्यावर लेन्स बसली की ऑक्सिजननं तिच्यातून पार व्हायचं. जुन्या हायड्रोजेलमध्ये तो लेन्समधल्या पाण्यातून जातो, आणि पाण्यातून जाऊन जाऊन जाणार किती. शिवाय लेन्स जितकी जाड तितका कमी. मायनस नंबरची लेन्स मध्ये पातळ आणि कडेकडे जाड असते, मायनस नऊची तर चांगलीच जाड.

"म्हणून तुमच्या कडेलाच वाहिन्या वाढल्या. वारं मिळेना म्हणून पडद्यानं रक्त मागवलं. सिलिकॉनमधून ऑक्सिजन पाण्यापेक्षा कितीतरी सहज जातो. लेन्स तेवढीच जाड असली तरी पलीकडं पोचतो."

"म्हंजे माझं बुबुळ इतकी वर्षं गुदमरत हुतं?"

"व्हय. आणि तुम्ही त्याच्या तोंडावर थेंब मारत होता."

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आत गेल्या आणि थेंबाची बाटली कचऱ्यात टाकून आल्या.

ते दोन आठवडे घरात सुतक असल्यासारखे गेले. भाऊजी जाड चष्मा लावून प्रॅक्टिसला जायचे आणि बाहेर बसून बदली गोलकीपरला शिव्या घालायचे. एकदा न राहवून चष्म्यासकट गोलमध्ये उभे राहिले, तर पहिलाच बॉल चष्म्यावर बसला. डोळा वाचला, पण काडी वाकली. ती मी सरळ करून दिली, न बोलता. न बोलणं मला फार जड जातं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

दोन आठवड्यांनी तपासलं तर नंबर पावानं उतरला होता. भाऊजींना वाटलं माझं मशीन बिघडलं. पण कोंडलेल्या बुबुळात थोडा नंबर चढतो आणि मोकळं सोडलं की उतरतो, असं कधी कधी होतं. जास्त नंबरचा डबा त्या रविवारी मी मागवून दिला असता, तर काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो.

नवीन लेन्सची पहिली जोडी घातली आणि भाऊजी खुर्चीतून उठलेच. "काढा हे. डोळ्यात कोंडा गेल्यागत वाटतंय."

त्यांचा चेहरा असा पडला की मलाही धीर सुटतोय असं वाटलं. सिलिकॉनमुळे या लेन्स जुन्यांपेक्षा जरा ताठ असतात. जुनी लेन्स डोळ्याच्या गोलाईवर कशीही निपचित पडून राहते, ही मात्र गोलाई जुळली नाही तर कडेनं उचलते. स्लिट लॅम्पखाली बघितलं तर खालची कड पापडासारखी उठली होती. तीच लेन्स जास्त वक्र गोलाईत मिळते. ती मागवली. दोन दिवसांनी घातली, तर ते नुसते डोळे मिचकावत राहिले.

"घातलीय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"घातलीय."

"मग लागत कशी न्हाय?"

मी त्यांना अटी घातल्या. झोपताना काढायची, दुपारच्या डुलकीलाही. ऑक्सिजन जास्त जातो म्हणून जंतू घाबरत नाहीत. थेंब बंद. ऑफिसातून आलं की चष्मा. त्यांनी मान डोलावली, आणि खरं सांगते, पहिल्यांदाच मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं.

तालमीत ही बातमी पसरायला किती वेळ लागणार. आठवड्याभरात संघातली पोरं एकेक करून दुकानात यायला लागली. आम्हाला पण ती वारं जाणारी लेन्स द्या. त्यातल्या निम्म्यांना नंबरच नव्हता. बचावफळीतल्या एका पोराचा नंबर मायनस एक, साधी लेन्स फक्त सामन्यापुरती घालायचा, डोळे काचेसारखे स्वच्छ. त्याला म्हटलं, तुझी लेन्स पातळ, घालतोस थोडा वेळ, त्रास काही नाही. आहे तेच घाल. तो रुसून गेला. भाऊजी नेमके तिथंच बसलेले.

"त्याला न्हाय म्हणता. आन् वहिनी, तुम्ही स्वतः कुठली घालता?"

"साधी हायड्रोजेलची. रोज नवी."

"मला एवढं व्याख्यान दिलंत की."

"माझा नंबर दीड. लग्नाकार्याला चार तास घालते. मला त्या मऊ वाटतात, आणि नवीनवर माझ्या पापण्यांचं तेल चिकटून धूसर दिसतं. गरज तुम्हाला होती, मला नव्हती."

हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की पुढं महिनाभर ते सगळ्यांना सांगत फिरले, की आमची वहिनी गरज बघून माल देते.

सामन्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. बुबुळाच्या कडेची लाली गेली होती. आत शिरलेल्या वाहिन्या रक्ताविना रिकाम्या झाल्या होत्या, नुसत्या फिक्या रेघा उरल्या होत्या. त्या रेघा राहतील, पण पुढं सरकलेल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, "खेळू दे. पण डोळ्यात काही गेलं तर आधी लेन्स बाहेर." मी बाहेर येऊन रस्त्यावरच रडले. भाऊजी ओशाळून रिक्षा शोधायला पळाले.

सामना ऐन उन्हात चारला सुरू झाला. सासूबाई, माझे मिस्टर आणि मी गोलच्या मागच्या पायऱ्यांवर. एक-एक बरोबरी झाली आणि टायब्रेकर लागला. समोरच्या संघाच्या शेवटच्या खेळाडूनं बॉल ठेवला, हा अडवला की कप आमचा, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी माझा दंड एवढ्या जोरात दाबला की उघडावेच लागले. भाऊजी उजवीकडे झेपावले होते आणि बॉल त्यांच्या छातीखाली होता.

मग मैदानात काय झालं ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. हलगी, आरडाओरडा, आणि पोत्यानं गुलाल. दरवर्षी भाऊजी त्यात सगळ्यात पुढं असायचे. गुलालानं भरलेले डोळे घेऊन घरी यायचे, आणि लेन्स तशाच. यंदा पोरं त्यांना खांद्यावर घ्यायला धावली तर ते त्यांच्यातून निसटून आमच्याकडे पळत सुटले. मागून गुलालाचा लोट येत होता.

"वहिनी, आधी लेन्स काढायची हाय."

पर्समधून कागदी साबण काढला, सासूबाईंनी बाटलीनं पाणी ओतलं, त्यांनी हात धुऊन माझ्या रुमालाला पुसले. लेन्स काढून डबीत सोल्युशनमध्ये टाकल्या. मागून पोरं आपल्या कीपरच्या नावानं ओरडत होती आणि कीपर पापणी ताणून उभा होता.

डबी माझ्या हातात आली, चष्मा घरीच राहिला होता, आणि भाऊजींना काहीच दिसेना. त्यांनी हात पुढं केला. सासूबाईंनी तो धरला आणि पदर खोचून त्यांना गर्दीत घेऊन निघाल्या.

"आई, कप कुठंय?"

"गप चल. दाखवते तुला."