आत्याला फोमो होतो

मुंबईत ज्या ज्या घरी चार माणसं जमून हसत असतील, तिथे पाचवं माणूस म्हणून आपली खुर्ची मांडलेली असलीच पाहिजे, असं माझ्या आत्याचं ठाम मत आहे. काळाचौकीच्या चाळीत आमच्या शेजारच्याच खोलीत ती एकटी राहते. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या मुलींनी तिला स्मार्टफोन भेट दिला, आणि तोवर मजल्यापुरती असलेली तिची उत्सुकता एकदम विरार-पनवेलपर्यंत पोचली. सकाळी चहा उकळेस्तोवर ती सगळ्यांचे स्टेटस बघून घेते. चहा बहुधा उतू जातो. शाळेचा ग्रुप, ऑफिसचा, भजनाचा, गावचा, शिवाय गावच्या ग्रुपवर रुसून निघालेल्यांचा वेगळा. कुणी बोरं खाल्ली तरी हिला वाटतं, आपल्याला का नाही बोलावलं? पण बोलावणं आलं की तिथे बसून ती दुसरीकडे काय चाललंय ते बघते.

"आजी, तुला फोमो झालाय," माझी कॉलेजातली मुलगी एकदा म्हणाली.

आत्याने चष्मा काढला. "कशाने होतो?"

मुलीने समजावलं. फिअर ऑफ मिसिंग आउट, म्हणजे आपल्यावाचून कुठेतरी मजा चाललीय आणि ती आपली हुकतेय, ही धास्ती. स्टोरी चोवीस तासांत पुसली जाते, म्हणून आत्ताच बघावीशी वाटते. लोक अख्ख्या दिवसातले पंधरा सेकंद दाखवतात, हसरे तेवढेच, आणि आपण त्यांच्याशी आपला सबंध दिवस ताडून बघतो. मग जीव खट्टू होतो, आणि तो खट्टू जीव रमवायला आपण पुन्हा फोनच उघडतो.

"म्हणजे औषधानेच वाढणारा आजार," आत्या म्हणाली. तिने तो शब्द बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटावर लिहून घेतला आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि मीठ कमी करायला सांगितलं. शेवटी मुलीनेच सगळे ग्रुप म्यूट केले. तेव्हापासून फोन गप्प आहे म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं घडतंय, या शंकेने आत्या एकेक ग्रुप हाताने उघडून बघू लागली. बरं झालं की बिघडलं, आम्हाला काही कळेना.

मग मे महिन्यातला तो रविवार उजाडला. आत्या दादरला एका लग्नाला गेली होती. पंगतीत मसालेभात वाढून झाला आणि ताटाशेजारच्या फोनवर गिरगावातल्या बारशाचा स्टेटस आला: फुलांचा पाळणा, बायका खिदळतायत. लग्न आहे म्हणून हे बारसं तिने स्वतःच नाकारलं होतं. जिलबी तशीच टाकून तिने टॅक्सी पकडली. गिरगावात पोचली तेव्हा बाळ झोपलं होतं आणि बाळाचे आजोबा खुर्च्या एकात एक घालत होते. "खिदळत होत्या त्या कुठेयत?" तिने विचारलं. "त्या फोटोपुरत्याच थांबल्या हो," आजोबा म्हणाले. तेवढ्यात दादरचा व्हिडिओ आला. नवरीच्या दोन्ही आज्या बँडवर नाचत होत्या.

इकडे दुपारी आमच्या दाराशी आत्याची करी रोडची मैत्रीण उभी होती. दोघींनी टेबलाला टेबल लावून तीस वर्षं नोकरी केलेली. हिच्याकडे अजून बटणांचा फोन, त्यामुळे स्टेटस नाही की ग्रुप नाही.

"आत्या खय गेली रे?"

"लग्नाला. फोन लावू का?"

"नको, मजेत असतली ती. मी गावाक जातंय, कायमचीच. खोली सोडलंय." तासभर ती बसली. दर पाच मिनिटांनी जिन्याकडे बघत होती. मग कोकमाच्या आगळाची बाटली माझ्या हातात देऊन गाडी गाठायला निघाली. मी तिचं ऐकलं आणि फोन लावला नाही, ते बरोबर केलं का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आत्या परतल्यावर मी सगळं सांगितलं. ती बाटली मांडीवर घेऊन बसली. "अरे, महिनाभर तिची बांधाबांध चालली असणार. इथून चालत दहा मिनिटांवर. सगळ्या मुंबईचं बघत होते ना मी, मग हे कसं नाही दिसलं?" मग तिने माझ्या मुलीला विचारलं, "जे हुकणार हे माहीतच नव्हतं, ज्याची कधी धास्तीही वाटली नाही, तेच हुकलं तर त्याला काय म्हणतात गं?" प्रत्येक गोष्टीला शब्द असलेली माझी मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी आत्याने मैत्रिणीला गावी फोन लावला. आता रोजच लावते. फोन कानाला धरला की पडदा दिसत नाही, त्यामुळे तेवढा वेळ बाकी मुंबई तिच्यावाचून चालते. मधली भिंत पातळ आहे, तिचं "हो? मग?" मला ऐकू येतं, मग बराच वेळ काही नाही, आणि एकदम ती पोट धरून हसते. फोनच्या पलीकडून काय सांगितलं ते मात्र कळत नाही. मी हातातलं काम थांबवून भिंतीकडे बघत राहतो.