गोपनीय म्हणजे कुणापासून?

सगुणा म्हात्रे कासूची. गावात दवाखान्याचा कागद आला की वाचून घ्यायला बायका तिच्याकडे येत. पेणच्या एका आरोग्य संस्थेत ती नोकरीला होती. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या छातीची पाहणी करायचं संस्थेनं ठरवलं, तेव्हा माहितीपत्रक आणि संमतीपत्र सोप्या मराठीत लिहायचं काम समन्वयक टेमघरे यांनी तिच्यावर टाकलं.

आधीचा मजकूर कुणीतरी इंग्रजीवरून उतरवलेला होता. ‘सहभागींच्या फुप्फुसीय कार्यक्षमतेचे मापन करण्यात येईल. सहभाग ऐच्छिक असून प्राप्त माहिती गोपनीय राखण्यात येईल.’ आंबलेल्या भाताला तार सुटावी, तशी ती वाक्यं बोटांना चिकटत होती. सगुणानं लिहिलं, ‘हा अभ्यास आहे, उपचार नाही. नळीत जोरात फुंकर मारायची. थोडा वेळ खोकला येईल, चक्करही येईल. फुंकर कमी भरली तर तुम्हाला सांगू, सरकारी दवाखान्याची चिठ्ठी देऊ. नाही म्हणालात तरी चालेल. मधेच थांबलात तरी चालेल.’ गोपनीयतेची ओळ तेवढी तशीच राहिली.

मजकूर पारखायला ती मैनाच्या घरी गेली. मैना नाथाशेटच्या कारखान्यात मूर्ती घासायची. घरी आली तरी तिच्या पापण्यांवर पांढरी भुकटी असायची. सगुणानं वाचून दाखवलं आणि म्हणाली, “आता तुझ्या शब्दांत सांग.”

मैनानं फुंकरीचं, खोकल्याचं नीट सांगितलं. मग अडली. “गोपनीय म्हंजे?”

“गुप्त.”

“कुणापासून गो?”

सगुणानं ती ओळ पुन्हा वाचून पाहिली.

“शेटपासून पन गुप्त?” मैनानं विचारलं. “गेल्या साली गंगीला दम लागतो असं शेटला कललं. यंदा तिला कामाला घेतली नाय.”

सगुणानं तिथेच बसून ओळ बदलली. ‘तुमची फुंकर किती भरली, हे तुमच्या शेटला सांगणार नाही. घरच्यांनाही तुम्ही म्हणालात तरच.’

दुसऱ्या दिवशी टेमघरे भजी खात खात मजकूर वाचत होते. मान डोलावत शेटच्या ओळीपाशी आले आणि तेलकट बोट त्या ओळीवर टेकवलं. “हे काढा.”

“का सर?”

“नाथाशेटला मी शब्द दिलाय. तो आपल्याला कारखान्यात येऊ देणार, आपण त्याला नावनिशी निकाल द्यायचा.”

“पण आधीच्या कागदावर तर गोपनीय लिहिलंय.”

“ते राहू दे की. गोपनीय म्हणजे पेपरात छापणार नाही. लोकांना काय कळतंय?”

सगुणा शांतपणे म्हणाली, “मग तसं लिहू. तुमचं नाव आणि निकाल शेटला देणार, असं.”

टेमघरे हसले. “मग येईल कोण?”

आजवर सगुणाला वाटायचं, शहाण्यांना सोपं लिहिता येत नाही म्हणून असे शब्द येतात. आता समोर हसणारा माणूस त्याच शब्दाच्या आडोशाला बसलेला दिसत होता. भज्यांचा वास तिला सोसवेना.

अशा अभ्यासाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीचा फोन नंबर माहितीपत्रकावर द्यावाच लागतो. शंका असेल तर कुणीही विचारावं, म्हणून. सगुणानंच विचारलं. दोन्ही मजकूर पाठवले आणि शेटला दिलेल्या शब्दाचंही लिहिलं.

समितीनं टेमघऱ्यांकडून खुलासा मागवला. निकाल कुठल्याही मालकाला द्यायचा नाही, ती ओळ राहील, असं कळवलं. कागद कारखान्यात, शेटसमोर वाचायचा नाही. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी संस्थेबाहेरचा साक्षीदार बसवायचा.

नाथाशेटनं कारखान्याचं दार लावून घेतलं. पाहणी शाळेच्या पडवीत, सुट्टीच्या दिवशी झाली. माणसं कमीच आली. अंगणवाडीच्या सीताबाई साक्षीला बसल्या. मैनानं कागद पुन्हा ऐकला, “शेटला नाय ना?” म्हणून पुन्हा विचारलं, अंगठा दिला आणि एक प्रत कनवटीला लावली. तिची फुंकर कमी भरली. चिठ्ठी घेऊन ती पेणच्या दवाखान्यात जाऊ लागली.

गंगी आली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मना नको.”

“बरं,” सगुणा म्हणाली. “चहा घेऊन जा.”

टेमघरे खांबाला टेकून बघत होते. “तुमच्या एका ओळीनं माणसं हातची गेली बघा.”

“त्यांना विचारलं सर. त्यांनी नाय म्हटलं.”

टेमघऱ्यांची नोकरी गेली नाही, खुलाशावर भागलं. दुपारी ते पूर्वीसारखाच डबा उघडून सगळ्यांपुढे धरत. सगुणा आपली भाकरी घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसे. कुणी विचारलं तर म्हणे, आत जेवण जात नाय.